घरात ५जी अर्धवट पोचतं, रात्रभरात २१ टक्के बॅटरी जाते. नेटवर्क मोड कुठल्यावर ठेवू?

निशिगंध · सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष वापरत असलेला माझा फोन ऑफिसमध्ये दिवसभर व्यवस्थित चालतो. घरी आलं की बॅटरी उतरायला लागते. काल रात्री ११ वाजता १०० टक्के करून उशाशी ठेवला, एकही ॲप उघडलं नाही, सकाळी ६ ला बघते तर ७९. परवाही तसंच झालं, १०० चे ८०.

माझी खोली इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. तिथे वरचं ५जीचं चिन्ह सारखं येतं आणि जातं. एकदा दहा मिनिटं नुसती बघत बसले तर चौदा वेळा बदललं. फोनवर बोलताना मध्येच आवाज तुटतो, तेही संध्याकाळनंतर जास्त.

ॲप काढून झाली, मागे चालणाऱ्या गोष्टी बंद करून झाल्या, फोन रिस्टार्ट करून झाला. आता Network mode मध्ये गेले तर समोर हे पर्याय आहेत:

5G/LTE/3G/2G (auto connect)
LTE/3G/2G (auto connect)
3G/2G (auto connect)
3G only
2G only

सध्या पहिल्यावर आहे. यातलं नेमकं काय निवडावं, आणि का? नुसतं "हे कर" असं नको, मला कारण कळलं तर बरं वाटेल.

---

भटका_वासुदेव · सोमवार, रात्री ११:२०

ताई, सरळ उत्तर आहे. ५जी बॅटरी खातं, ते बंद करा. पण तुमच्या यादीतला दुसरा पर्याय निवडून भागणार नाही, कारण फोन मग ४जी आणि ३जीमध्ये उड्या मारत बसतो. डायलरवर हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

Phone information उघडेल. तिथे Set preferred network type मध्ये LTE only, म्हणजे फक्त ४जी, निवडा. माझा फोन आधी संध्याकाळी ५ ला मान टाकायचा, आता रात्री झोपताना ४० टक्के उरतात. आठ महिने झाले, काही त्रास नाही.

---

जुना_पिंपळ · मंगळवार, सकाळी ७:०५

माझ्याही फोनची हीच तक्रार आहे. खोक्यावर ५जी लिहिलंय, पण यादीत 5G असा शब्दच नाही, LTE पासून सुरुवात होते. सिम बदलून घ्यावं का? मुलगा म्हणतो फोनच बदला. निशिगंध, तुम्ही सिम बदलून पाहिलंत का?

---

तारवाला · मंगळवार, सकाळी ८:३०

निशिगंध, आज काहीही बदलू नका. आधी दोन-तीन गोष्टी सांगा. मी अकरा वर्षं नेटवर्कच्या मोजणीचं काम केलं आहे, गाडीत चार-चार फोन लावून रस्तोरस्ती फिरायचं आणि टॉवर कुठे कसा ऐकू येतो ते नोंदवायचं. तिथे एक सवय लागली, की दांड्या बघायच्या नाहीत, आकडा बघायचा. किती आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. एकाच टेबलावरचे दोन फोन एकाच टॉवरला दोन आणि चार दांड्या दाखवतात, हे रोजचं आहे.

आकडा Settings मध्ये About phone, मग Status आणि SIM status असं गेलं की Signal strength समोर मिळतो, उणे चिन्हासह. तिथे एकच आकडा दिसत असेल तर सिग्नल दाखवणारं एखादं फुकटचं ॲप घ्या, त्यात ४जी आणि ५जीचे आकडे वेगवेगळे येतात. RSRP असं लिहिलेलं असेल तोच बघायचा. उशापाशी एकदा आणि खिडकीत एकदा, दोन्ही ठिकाणी एकेक मिनिट थांबून नोंदवा.

दुसरं, रात्री घरचं वायफाय चालू असतं का?

तिसरं, फोनमध्ये दुसरं सिम आहे का?

जुना_पिंपळ, तुमचा प्रश्न वेगळा आहे, कारण तुमच्याकडे पर्यायच नाही आणि यांच्याकडे पर्याय असून त्रास आहे. तरी सांगतो. फोन ५जीचा असला तरी यादीत तो शब्द यायला फोनच्या सॉफ्टवेअरने तुमच्या कंपनीचं ५जी मान्य केलेलं असावं लागतं आणि तुमच्या नंबरावर ते सुरू असावं लागतं. आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. मग ५जी चालणाऱ्या एखाद्या फोनमधलं त्याच कंपनीचं सिम काढून तुमच्या फोनात घालून बघा. त्या सिमवर 5G दिसलं तर अडचण तुमच्या नंबरात किंवा सिममध्ये आहे. नाही दिसलं तर फोनात. फोन बदलायच्या आधी पाच मिनिटांची ही तपासणी नक्की करा.

---

मृगधारा · मंगळवार, सकाळी ९:१५

वासुदेवदादा, LTE only बद्दल कृपया सावध राहा. मी हे भोगलं आहे.

गेल्या वर्षी अशाच एका सल्ल्यावरून मी त्या कोडमधून LTE only केलं. नेट छान चालू होतं, मेसेज येत होते, त्यामुळे शंका आली नाही. तीन दिवसांनी भाऊ घरी येऊन थडकला. वडिलांना दवाखान्यात दाखल केलं होतं आणि माझा नंबर सगळ्यांना "संपर्क क्षेत्राबाहेर" सांगत होता. तीन दिवसांत एकही कॉल माझ्यापर्यंत पोचला नव्हता. मिस्ड कॉलही दिसला नाही, त्यामुळे मला कळायला मार्गच नव्हता.

कारण नंतर कळलं. माझ्या फोनमध्ये ४जीवरून कॉल करण्याची सोय बंद होती. त्यामुळे कॉल आला की फोन खाली ३जी किंवा २जीवर उतरून तो घ्यायचा. LTE only केल्यावर खाली उतरायचा जिनाच काढून टाकला.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, असं काही बदललं तर लगेच दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लावून बघा.

---

तारवाला · मंगळवार, सकाळी ९:४०

मृगधारा, अगदी नेमकं सांगितलंत. यात एक भर घालतो. स्वतःला कॉल लावला की उचलून वरच्या पट्टीकडे बघायचं. बोलताना 4G, LTE किंवा VoLTE तसंच राहिलं तर कॉल ४जीवरच चालला आहे. तिथे H, 3G किंवा E आलं तर फोन खाली उतरला आहे, आणि अशा फोनमध्ये LTE only सारखा मोड ठेवायचा नाही. परगावी गेल्यावर तुमचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर असेल तर घरी केलेली तपासणी तिथे लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

---

निशिगंध · मंगळवार, रात्री १०:१०

मृगधारा, वाचून काटा आला. वडील आता बरे असतील अशी आशा करते.

तारवाला, आकडे घेतले. उशापाशी ४जी −१०८ च्या आसपास, ५जी −११७ ते −१२१ मध्ये हलतं आणि मधूनच गायब होतं. खिडकीत ४जी −९४, ५जी −१०५.

वायफायचा राउटर वडील झोपताना बंद करतात, म्हणजे रात्री फोन मोबाइल डेटावरच असतो.

दुसरं सिम आहे, पण वापरत नाही. जुना नंबर आहे, बँकेचे मेसेज त्यावर येतात म्हणून ठेवलाय. त्याच्या दांड्यांवर खोलीत फुली असते. त्याचा काही संबंध आहे का?

---

तारवाला · मंगळवार, रात्री ११:००

संबंध असू शकतो, पण त्याच्याकडे नंतर येऊ. आधी तुमचे आकडे.

हा आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल क्षीण. दर ३ ने ताकद निम्मी होते, १० ने दहावा हिस्सा उरतो. म्हणजे खिडकीतल्या −९४ वरून उशापाशी −१०८ झालं तेव्हा चौदाचा फरक पडला आणि सिग्नल पंचविसावा हिस्सा राहिला. मधे फक्त दोन भिंती आहेत. −१०८ वर ४जी काम करतं, थोडं ओढत. −११८ च्या पुढे मात्र सगळं काठावर असतं.

आता बॅटरी कुठे जाते ते. टॉवरचा आवाज मोठा असतो, तुमच्या फोनचा लहान. साधा फोन ४जीवर जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने बोलू शकतो. टॉवरजवळ असताना त्याला याच्या कितीतरी कमी ताकद पुरते, म्हणून ऑफिसमध्ये बॅटरी टिकते. क्षीण जागी टॉवर त्याला सांगतो, "जोरात बोल, ऐकू येत नाही." मग फोन पूर्ण ताकद लावतो, तरी काही तुकडे पोचत नाहीत, ते पुन्हा पाठवतो. एक छोटा मेसेज पाठवायला लागणारी वेळही वाढते आणि प्रत्येक क्षणाची किंमतही वाढते.

५जीचं असं आहे की बऱ्याच ठिकाणी ते ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. ४जी ८०० किंवा ९०० वरही असतं, १८०० वरही असतं. लहरींचा हा आकडा जितका मोठा तितकी भिंत त्यांना जड जाते. म्हणून एकाच टॉवरचं ४जी तुमच्या उशापाशी पोचतं आणि ५जी दाराशी थांबतं.

त्यात अजून एक. पुष्कळ कंपन्यांचं ५जी स्वतंत्र उभं नसतं, ४जीच्या खांद्यावर बसलेलं असतं. फोन ४जीशी बांधलेला राहतो आणि डेटा लागला की ५जी जोडून घेतो, म्हणजे दोन्हीकडचं रेडिओ एकदम चालतं. तुमच्या खोलीत ते जोडतं, दोन सेकंदात तुटतं, फोन मोजमाप करून टॉवरला कळवतो, पुन्हा जोडतं. रात्रभर आलेला प्रत्येक मेसेज, प्रत्येक ईमेल या खटाटोपातून जातो.

मात्र वरचं चिन्ह चौदा वेळा बदललं म्हणून ५जी चौदा वेळा जोडलं असं समजू नका. अशा जोडगोळीच्या नेटवर्कमध्ये "इथे जवळ ५जी आहे" असं ४जीच्या टॉवरने नुसतं जाहीर केलं तरी काही फोन चिन्ह लावून मोकळे होतात. चिन्हावरून कोणताच निष्कर्ष काढायचा नाही. रात्रीच्या टक्क्यांवरून काढायचा.

म्हणून असं करा. उद्या आणि परवा, दोन रात्री LTE/3G/2G (auto connect). वेळ तीच, ११ ते ६. फोन त्याच जागी, राउटर बंदच, चार्ज १०० वर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसऱ्या सिमला अजून हात लावू नका.

---

भटका_वासुदेव · बुधवार, सकाळी ७:३०

तारवाला, मग माझं तरी काय चुकलं? ५जी बंद केल्यावर बॅटरी वाढते हे तुम्हीही म्हणताय.

---

तारवाला · बुधवार, सकाळी ८:१०

अर्धं बरोबर आहे, वासुदेव. जिथे ५जी काठावर आहे तिथे ते बंद केल्याने फायदा होतो, आणि तुमच्या जागी तसंच असणार. पण जिथे ५जी −८५ ला आहे तिथे हेच खरं नाही. एक मोठी फाइल उतरवायची असेल तर चांगल्या ५जीवर ती लवकर उतरते आणि रेडिओ लवकर झोपतो. काम संपल्यावरही फोन साधारण १० सेकंद जागा राहतो, पुन्हा काही येतंय का बघत, मग झोपतो. त्यामुळे बारीक बारीक कामं सतत चालू असली तर ४जी स्वस्त पडतं, एकदम मोठं काम असेल तर चांगलं ५जी.

आणि "४जी-३जीत उड्या मारतो" म्हणून LTE only हवं, हे फक्त तिथे खरं आहे जिथे ४जीच जवळजवळ संपतं. निशिगंधकडे ४जी −१०८ ला आहे. त्यांचा फोन खाली उतरणारच नाही, उतरलाच तर फक्त कॉलसाठी. मग त्यांनी तो धोका का घ्यावा?

---

भटका_वासुदेव · बुधवार, सकाळी ८:३५

मान्य. आत्ता स्वतःला कॉल लावून बघितला, VoLTE दिसलं. मी LTE only वरच राहतो, पण यापुढे दुसऱ्याला सांगताना कॉलची तपासणी आधी सांगेन.

---

चंद्रकोर · बुधवार, दुपारी १:२०

आयफोनमध्ये एवढी मोठी यादी नाही. Voice & Data मध्ये 5G On, 5G Auto आणि LTE एवढंच आहे. मी 5G On ठेवलंय, Auto पेक्षा सिग्नल पक्का धरतं असं ऐकलं म्हणून. बरोबर आहे ना?

---

तारवाला · बुधवार, दुपारी २:००

पक्कं धरणं आणि सिग्नल चांगला असणं यात फरक आहे. 5G On म्हणजे मिळेल तिथे ५जी घे, बॅटरी गेली तरी चालेल. 5G Auto मध्ये ५जीचा वेग जाणवण्यासारखा नसेल तेव्हा फोन आपणहून ४जीवर येतो. रोजच्या वापराला Auto ठेवा. घरातला एखादा कोपरा निशिगंधच्या खोलीसारखा असेल तर तिथे LTE. आकडा बघायचा असेल तर आयफोनच्या डायलरवर `*3001#12345#*` टाकून कॉलचं बटण दाबा.

---

डोंगरवाट · बुधवार, रात्री ९:००

माझं उलटं आहे. कामासाठी मला अशा ठिकाणी राहावं लागतं जिथे ४जी −१२२ आणि २जी −९०. auto वर ठेवलं की फोन ४जीला चिकटून बसतो, कॉल लागत नाही. मी 2G only करतो, कॉल खणखणीत लागतो. बॅटरीही वाचते. मग जुना मोड वाईट कसा?

---

तारवाला · बुधवार, रात्री ९:४५

तुमच्या जागी तुमचा निर्णय योग्य आहे. ४जी काठावर आहे, २जी तुमच्याकडे चांगल्या ताकदीने येतंय. फोनला शक्य तोवर वरच्या पिढीवर राहायला शिकवलेलं असतं, त्यामुळे तो संपत आलेल्या ४जीला सोडत नाही. अशा वेळी हाताने खाली उतरवणं हाच उपाय.

फक्त दोन गोष्टी. नुसता पडून असलेला फोन चांगल्या २जीवर कमी खातो हे खरं, पण बोलताना नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या २जीवर फोन २ वॅटपर्यंत जाऊ शकतो, ४जीच्या दहापट. तो आठातला एकच हिस्सा वेळ बोलतो, तरी लांबच्या टॉवरशी तासभर बोललात तर फरक दिसेल.

दुसरी गोष्ट, २जीमध्ये फोन स्वतःची ओळख टॉवरला पटवतो, टॉवरने आपली ओळख पटवायची सोयच नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून फसवणं तिथे सोपं जातं. म्हणूनच अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये Allow 2G असं बटण आलं. परत येताना न विसरता auto करा. बाकीच्यांनी हे करण्याआधी आपल्या कंपनीचं २जी आणि ३जी चालू आहे का ते बघा. पुष्कळ देशांत ३जी बंद झालंय, काही ठिकाणी २जीही. बंद झालेल्या पिढीवर फोन ठेवला तर तो रात्रभर शोधत बसतो.

---

निशिगंध · शुक्रवार, सकाळी ७:००

दोन रात्री झाल्या. LTE/3G/2G वर पहिल्या रात्री १०० चे ८६, दुसऱ्या रात्री ८७. आधी २० आणि २१ जात होते, आता १३-१४. फरक पडला, पण अजूनही जास्तच वाटतंय.

आणि तारवाला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दुसऱ्या सिमचा मोड उघडून पाहिला. आजवर मला वाटत होतं की मोड फोनचा असतो. तो प्रत्येक सिमचा वेगळा आहे! वर SIM 1 आणि SIM 2 असे दोन भाग होते, मी नेहमी पहिलाच बघत होते. SIM 2 चा मोड 3G only वर आहे. वर्षभरापूर्वी कुणीतरी सांगितलं होतं की न वापरायच्या सिमला जुना मोड दिला की बॅटरी वाचते, तेव्हा मीच केला होता. त्या कंपनीने मध्यंतरी ३जी बंद केल्याचा मेसेज आला होता, मी वाचून सोडून दिला.

---

तारवाला · शुक्रवार, सकाळी ७:२५

तुमच्या फुलीचं कारण तेच. ते सिम रात्रभर अशा नेटवर्कला हाका मारतंय जे आता अस्तित्वात नाही. ज्याला टॉवर सापडला आहे तो फोन झोपतो आणि ठरावीक वेळाने क्षणभर डोळे उघडून आपल्याला कुणी बोलावतंय का एवढंच बघतो. ज्याला सापडलेला नाही तो एकेक पट्टा चाळतो, थोडं थांबतो, पुन्हा सुरुवातीपासून चाळतो. जिथे काहीच रेंज नाही ते सिम क्षीण सिग्नलच्या सिमपेक्षाही जास्त खाऊ शकतं.

आता आज रात्री SIM 2 पूर्ण बंद ठेवून मोजा, SIM 1 आहे तसंच. मग पुढच्या रात्री SIM 2 चालू करून त्याचा मोड auto करा.

---

जुना_पिंपळ · शुक्रवार, सकाळी १०:००

तारवाला, मुलाच्या फोनमधलं सिम माझ्या फोनात घातलं, 5G आलं. म्हणजे माझ्या नंबराचं काम आहे. आज कंपनीला कळवलं. फोन वाचला, आभारी आहे.

---

निशिगंध · सोमवार, सकाळी ७:१५

सगळे आकडे एकत्र देते, कुणाला उपयोगी पडतील.

SIM 1 LTE वर, SIM 2 बंद, राउटर बंद: १०० चे ९४. सहाच टक्के!

मग SIM 2 चालू करून त्याचा मोड LTE/3G/2G केला. फुली गेली, एक दांडी आली, ४जी −११२. सकाळी ९३. म्हणजे तेच सिम, तीच खोली, फक्त मोड बदलला आणि सात-आठ टक्क्यांचं ओझं एका टक्क्यावर आलं.

काल उत्सुकता म्हणून SIM 1 परत ५जीवर टाकलं आणि वडिलांना राउटर रात्रभर चालू ठेवायला सांगितलं. सकाळी ९३. मग ५जी बॅटरी खातं असं आपण म्हणत होतो ते?

---

तारवाला · सोमवार, सकाळी ८:००

वायफाय चालू असलं की रात्रीचे मेसेज, ईमेल सगळं तिकडून जातं. मोबाइल डेटा लागतच नाही, म्हणून ५जी जोडलंच जात नाही, आणि तुमच्यासारख्या जोडगोळीच्या नेटवर्कमध्ये झोपलेला फोन ४जीवरच झोपतो. त्यामुळे मोड कुठलाही असो, फरक दिसत नाही. पहिल्या दिवशी मी वायफायचं विचारलं ते यासाठीच. तुमचं उत्तर "चालू असतं" असं आलं असतं तर मी थेट दुसऱ्या सिमकडे वळलो असतो.

कंपनीचं ५जी स्वतंत्र असेल तर फोन ५जीवरच झोपतो, तिथे हिशेब वेगळा लागेल. कुणाकडे तसं नेटवर्क असेल तर त्यांनी असेच रात्रीचे आकडे इथे द्या.

---

मृगधारा · सोमवार, सकाळी ८:४०

निशिगंध, बॅटरीचं झालं, पण कॉल तुटण्याचं काय? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये तेही लिहिलं होतं.

---

निशिगंध · सोमवार, रात्री ९:३०

ते अजून आहेच. आज मुद्दाम लिहून ठेवलं. दुपारी ४ वाजता उशापाशी −१०८, कॉल स्वच्छ. रात्री ८:३० ला त्याच जागी −१०८ च, पण आवाज तुटत होता. आकडा तोच असताना असं का होतं? वायफायवरून कॉल करायचा पर्याय फोनमध्ये आहे, पण चालू केला की कंपनीकडून उपलब्ध नाही असं येतं.

---

तारवाला · सोमवार, रात्री १०:०५

RSRP सांगतो टॉवर किती जोरात ऐकू येतोय. आजूबाजूला किती गोंगाट आहे ते तो सांगत नाही. संध्याकाळी सगळे घरी येतात, शेजारचे टॉवर भरून वाहतात आणि त्यांचा आवाज तुमच्या टॉवरच्या आवाजात मिसळतो. त्याच ॲपमध्ये SINR नावाचा आकडा असेल. तो २० च्या आसपास असला तर उत्तम, शून्याच्या खाली गेला की बोलणं तुटतं. दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा बघा.

तो पडत असेल तर मोड बदलून फारसं काही साधणार नाही. एकच प्रयोग करण्यासारखा आहे. रात्री ८:३० ला खिडकीत उभं राहून एअरप्लेन मोड अर्धा मिनिट लावा आणि काढा, म्हणजे फोन टॉवरची निवड नव्याने करेल. मग सेलचा, म्हणजे टॉवरच्या ज्या भागाशी फोन जोडलाय त्याचा, क्रमांक बदलला का आणि SINR किती झाला ते लिहा.

---

डोंगरवाट · सोमवार, रात्री १०:३०

निशिगंध, संध्याकाळी फक्त कॉलपुरतं 2G only करून बघा, तुमच्या SIM 1 ला २जी चालू असेल तर. मला अजूनही वाटतं बोलण्यासाठी तेच बरं.

---

निशिगंध · मंगळवार, रात्री ९:००

दोन्ही केलं. दुपारी उशापाशी SINR ११, रात्री ८:३० ला −२. खिडकीत एअरप्लेन लावून काढल्यावर सेलचा क्रमांक बदलला आणि ६ झाला. तिथे उभी राहून वीस मिनिटं बोलले, एकदाही तुटलं नाही. उशापाशी परत आले तर पाचेक मिनिटांत फोन जुन्याच सेलवर गेला आणि −३.

2G only वर कॉल लागला, तुटला नाही, पण आवाज दबका येत होता आणि तेवढा वेळ नेट बंद पडल्यासारखं झालं. डोंगरवाट, तातडीच्या कॉलला लक्षात ठेवीन.

सध्या SIM 1 LTE/3G/2G, SIM 2 ही तसंच, आणि रात्री आठनंतरचे कॉल खिडकीत. फोन जुन्या सेलवर परत का जातो, तो त्याला जास्त जोरात ऐकू येतो म्हणून का?

---

तारवाला · मंगळवार, रात्री ९:२०

हो. निवड करताना तो बहुतेक वेळा जोर बघतो, गोंगाट नंतर कळतो. दोन्ही सेलचे क्रमांक, वेळ आणि हे चार SINR आकडे कंपनीकडे तक्रारीत लिहून द्या. "रेंज नाही" असं लिहू नका. रेंज आहे, संध्याकाळी गोंगाट आहे, असं लिहा. काय उत्तर येतं ते इथे कळवा.